एआयकडून घेतलेला मसुदा तीनदा सुधारला, तरी तो आपला वाटत नाही: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

आमच्या तालुक्याच्या छोट्या दिवाळी अंकाचं संपादन मी काही वर्षं करते आहे. अलीकडे येणाऱ्या लेखांमध्ये एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं. लेखक फोनवर बोलतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. त्याचाच लेख मेलवर येतो तेव्हा मात्र तो कुणीही, कुठेही बसून लिहिला असावा असा असतो. विचारलं की कबुली मिळते, "एआयकडून कच्चा मसुदा घेतला होता, पण मी सुधारलाय बरं का." सुधारलेला असतोच. तरीही तो त्याचा झालेला नसतो.

निफाड तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचा लेख हे यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. त्याला आम्ही बापू म्हणतो. घरची द्राक्षबाग, दोन एकर उन्हाळ कांदा आणि घराच्या पाठीमागे पंचवीस टनांची कांदाचाळ. विषय होता कांद्याची साठवण. त्याच्या परवानगीने इथे सगळं उघड करून दाखवते, कारण या एका लेखात दुखण्याच्या तिन्ही पायऱ्या सापडतात.

लक्षण

पहिल्या मसुद्यातला हा परिच्छेद:

"कांदा हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे. शास्त्रोक्त पद्धतीने साठवणूक केल्यास शेतकऱ्यांना योग्य वेळी योग्य दर मिळवण्याची संधी उपलब्ध होते. आधुनिक कांदाचाळ ही केवळ साठवणुकीची जागा नसून ती शेतकऱ्याच्या आर्थिक स्वावलंबनाची गुरुकिल्ली आहे. योग्य नियोजन, नियमित देखरेख आणि बाजारभावाचा अभ्यास यांच्या जोरावर शेतकरी आपले उत्पन्न निश्चितच वाढवू शकतो."

यात व्याकरणाची चूक नाही. खोटं म्हणावं असंही फारसं काही नाही. आता यातला 'कांदा' काढून 'द्राक्ष' घाला आणि 'चाळ' काढून 'शीतगृह' घाला. परिच्छेद जसाच्या तसा उभा राहतो. हळद आणि गोदाम घातलं तरी उभा राहतो. मी सगळ्यात आधी हीच चाचणी लावते. नाम बदलूनही वाक्य टिकत असेल, तर त्या वाक्यात त्या वस्तूबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

दुसरी खूण कानाला कळते. 'केवळ अमुक नसून तमुक', तीन-तीन शब्दांच्या जोडण्या, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'निश्चितच'. ही भाषा सरकारी पत्रकाची आणि भाषांतरित बातमीची आहे. पण निव्वळ या खुणा पुसून भागत नाही. मी स्वतः सुरुवातीला तेच करत असे. 'गुरुकिल्ली' खोडायची, 'निश्चितच' उडवायचं, लांब वाक्यं तोडायची. लेख वाचायला सुटसुटीत व्हायचा आणि तितकाच रिकामा राहायचा.

बापूने आधी काय करून पाहिलं

मी लेख परत पाठवला तेव्हा सोबत एवढंच लिहिलं होतं, 'यात स्वतःची उदाहरणं घाल.' चूक माझीच. बापूने माझं तेच वाक्य एआयला दिलं. दुसऱ्या मसुद्यात हे आलं:

"मला आठवते, माझे आजोबा नेहमी म्हणायचे, 'कांदा जपला, तर कांदा आपल्याला जपतो.' त्यांचे हे शब्द आजही माझ्या कानात घुमतात."

बापूच्या आजोबांनी आयुष्यात कांदा लावला नाही. ते ऊसवाले. मी फोन केला तेव्हा बापू हसत म्हणाला, "ताई, आजोबा असं कशाला म्हणतील? ते कांद्याला हातपण लावत नव्हते. पण वाचायला बरं वाटलं म्हणून ठेवलं."

हा धोका नीट समजून घ्यायला हवा. हे साधन पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे या हिशेबाने लिहितं. 'आठवण' मागितली की आठवणीसारखं दिसणारं वाक्य तयार होतं, आणि मराठी लेखांमध्ये आठवणीत बहुतेक वेळा आजोबा किंवा आजी येतात. बापूच्या घरात काय घडलं हे त्याला ठाऊक असायचा प्रश्नच नाही, कारण बापूने ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. 'वैयक्तिक उदाहरण घाल' ही सूचना एआयला देणं म्हणजे खोटी आठवण मागवणं. ती सूचना लेखकाने स्वतःलाच द्यायची असते.

तिसऱ्या खेपेला बापूने 'ठोस तपशील घाल' असं सांगितलं. मग 'सुमारे ३० ते ४० टक्के कांदा साठवणुकीत खराब होतो' असा आकडा आला. कुणाच्या चाळीत, कोणत्या वर्षी, किती महिन्यांत, काही नाही. आकडा आला की लेख भरीव वाटतो, म्हणून हा तिसरा मसुदा पहिल्यापेक्षा जास्त फसवा होता.

खरं कारण

तिन्ही वेळा क्रम एकच होता. मुद्दा मसुद्याचा आणि उदाहरण वरून चिकटवलेलं. मसुदा म्हणत होता की चाळ असली की शेतकरी दराची वाट पाहू शकतो. उदाहरण त्या वाक्याला होकार देण्यापुरतं आणलं होतं. पण बापूला हे पटतं का, हे मीही विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी उदाहरण मागतच नाही. मी भांडण मागते. मसुदा समोर ठेवायचा आणि विचारायचं, "यातलं कोणतं वाक्य पारावर कुणी बोललं असतं, तर तू मध्येच थांबवलं असतंस?"

बापूने क्षणात उत्तर दिलं. "बाजारभावाचा अभ्यास! अभ्यास कसला करता? मला ठाऊक होतं भाव वाढणार. तरी मी जुलैत चाळ फोडली."

"का?"

"वास आला म्हणून."

लेख इथून सुरू झाला.

दुरुस्ती, पहिली पायरी: वाक्यांवर खुणा

मसुदा छापून घ्या. स्क्रीनवर हे नीट होत नाही, निदान मला तरी जमत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेजारी तीनपैकी एक खूण करायची. हे माझ्या अनुभवातलं आहे, म्हणजे बरोबर. हे कुणीही लिहिलं असतं, म्हणजे गोल. आणि हे खरं आहे की नाही मला माहीत नाही, म्हणजे प्रश्नचिन्ह.

बापूच्या तिसऱ्या मसुद्यात ६१ वाक्यं होती. बरोबरच्या खुणा ४, गोल ४९ आणि प्रश्नचिन्हं ८. प्रश्नचिन्हाची वाक्यं तिथल्या तिथे कापली, तो टक्केवारीचा आकडाही त्यात गेला. गोलवाली लगेच काढायची नाहीत. कोणता मुद्दा कुठे येतो हे दाखवायला ती अजून उपयोगी पडतात, आणि लेखकाचं भांडण बहुतेक त्यांच्यातल्याच एखाद्याशी असतं.

ही चार बरोबरची वाक्यं कोणती होती तेही सांगते, कारण त्यात गंमत आहे. चारही काढणीबद्दलची होती. पात पूर्ण वाळल्याशिवाय कांदा कापू नये, मान बोटभर ठेवून कापावी, जोड कांदा आणि डेंगळे चाळीत भरू नयेत, गोल्टी वेगळी काढावी. ही सगळी वाक्यं बापूने मसुद्यात हाताने घातली होती. जिथे त्याने स्वतः लिहिलं तिथेच ते खरं उतरलं होतं.

दुसरी पायरी: मसुदा बंद करून बोलायचं

मसुदा समोर असताना आठवण नीट येत नाही. त्यातली वाक्यं आपल्या आठवणीला त्यांच्या साच्यात ओढतात. म्हणून मसुदा बाजूला ठेवून पंधरा-वीस मिनिटं फोनच्या रेकॉर्डरवर बोलायचं. समोर कुणी विचारणारं असेल तर उत्तम. एकटेच असाल तर प्रश्न कागदावर लिहून घ्या. माझे प्रश्न ठरलेले आहेत आणि ते मुद्दाम साधे ठेवले आहेत. कधी? तिथे कोण होतं? सगळ्यात आधी काय दिसलं, काय ऐकलं, कसला वास आला? त्या वेळी काय वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं? शेजाऱ्याने तेव्हा वेगळं काय केलं? शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. आपण जे केलं ते आपल्याला इतकं सरळ वाटतं की त्यात निर्णय होता हेच जाणवत नाही. दुसऱ्याने वेगळं केलेलं आठवलं की आपला निर्णय दिसायला लागतो.

बापूच्या वीस मिनिटांत जे निघालं ते असं. २०२३ च्या एप्रिलअखेर त्याने चाळ भरली, ११ ट्रॉल्या, त्याच्या वहीप्रमाणे २२० क्विंटल. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला पडदा बांधायचा राहिला. जुलैत दोन दिवस झड लागली आणि त्या बाजूच्या कप्प्यात पाणी आत गेलं. चार दिवसांनी सकाळी बाजूने जाताना आंबूस वास आला. हात घातला तर आतला कांदा गरम लागला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याने तो कप्पा फोडला, सडका वेगळा काढला आणि चांगला निवडलेला ६० क्विंटल कांदा क्विंटलला १,१८० रुपयांनी विकला. शेजाऱ्याने पडदा जूनमध्येच बांधला होता. त्याने ऑक्टोबरपर्यंत कांदा ठेवला आणि त्याला कितीतरी जास्त भाव मिळाला.

याच बोलण्यात एक वाक्य असं आलं की मी त्याला थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. "ताई, चाळ म्हंजी काय तिजोरी नाय. रोज थोडा थोडा कांदा तिथं मरतोच. किती मरू द्यायचा तेवढं आपल्या हातात."

आता हे त्या पहिल्या परिच्छेदाशेजारी ठेवून पाहा. मसुदा चाळीला गुरुकिल्ली म्हणत होता आणि बापू म्हणतो ती तिजोरी नाही. दोन्ही उपमा कुलपाच्याच, पण अर्थ उलटा. मसुद्याची तीन आवर्तनं बापूच्या नावावर त्याच्या मताच्या विरुद्ध मत छापायला निघाली होती आणि आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ही गोष्ट मला पोकळ भाषेपेक्षा जास्त गंभीर वाटते.

तिसरी पायरी: आठवण तपासणं

आपली आठवण आपली असते, पण ती बरोबर असेलच असं नाही. बापू रेकॉर्डिंगमध्ये ठामपणे म्हणाला होता, "मग ऑगस्टमध्ये निर्यातबंदी झाली आणि मार्केट बंद पडलं." ऑगस्टमध्ये बंदी झालेली नव्हती. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. त्याच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव काही दिवस बंद राहिले. निर्यातबंदी आली ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. बापूच्या डोक्यात दोन्हीची सरमिसळ झाली होती आणि त्यात नवल नाही, कारण ट्रॅक्टर घेऊन परत आलेल्या माणसाला दोन्हीचा अर्थ एकच.

आमच्या अंकाच्या वाचकांत निम्मे कांदावाले आहेत. त्यांनी ही चूक पहिल्या वाचनात पकडली असती आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास गेला असता. म्हणून तारीख, दर, वजन, अंतर अशी प्रत्येक गोष्ट कागदाशी ताडून पाहायची. बापूकडे विक्रीच्या हिशेबपट्ट्या होत्या. त्यातून कळलं की वर्षभरात १७१ क्विंटल विकला गेला, म्हणजे भरलेल्यापैकी ४९ क्विंटल, सुमारे २२ टक्के, कमी झाला. तो लगेच म्हणाला, "मग लिहू का, २२ टक्के सडला?" नाही. कांदा वाळूनही वजन घटतं. फेकलेला कांदा त्याने मोजलेला नव्हता. म्हणून लेखात 'भरला २२०, विकला १७१' एवढंच गेलं. ३० ते ४० टक्क्यांच्या गोलगोल आकड्यापेक्षा हे दोन आकडे लहान दिसतात, पण त्यांच्यामागे वही आणि पट्ट्या आहेत.

चौथी पायरी: उदाहरण आधी, मुद्दा त्यातून

इथे बहुतेकांचं पुन्हा चुकतं. आता हातात खरा तपशील असतो, तो मसुद्यात योग्य जागा पाहून घातला जातो आणि भोवतालची गोल खुणेची वाक्यं तशीच राहतात. बापूनेही तेच केलं. 'नियमित देखरेख आवश्यक आहे. उदाहरणार्थ, जुलैत माझ्या चाळीत पाणी शिरले. त्यामुळे नियमित देखरेखीचे महत्त्व अधोरेखित होते.' खरी गोष्ट दोन पत्रकी वाक्यांच्या मध्ये चेपून बसली होती.

मी एक कसोटी लावते. उदाहरण आत आल्यावर मागची-पुढची वाक्यं बदलावी लागली नाहीत, तर ते उदाहरण शोभेचं आहे. खरं उदाहरण आत आलं की आधीचं विधान ढासळतं, निदान वाकतं तरी. म्हणून परिच्छेद उदाहरणापासूनच सुरू करायचा आणि आधीचं विधान झाकून ठेवायचं. लिहून झाल्यावर त्या विधानाची गरज उरली का ते पाहायचं. दहात आठ वेळा उरत नाही.

बापूने शेवटी लिहिलेला परिच्छेद असा झाला:

"२०२३ च्या जुलैत मला ठाऊक होतं की भाव वाढणार. तरी मी कांदा १,१८० ने विकला. पश्चिमेकडचा पडदा बांधायचा राहिला होता. दोन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी वास आला. हात घातला तर आतला कांदा गरम. तसा कांदा पाहिला की भावाचा विचार डोक्यात राहत नाही, फक्त शेजारचा कप्पा कसा वाचवायचा एवढंच दिसतं. आम्ही चौघांनी दोन दिवस निवड केली. चाळ बांधताना मला वाटलं होतं की आता कधी विकायचं ते मी ठरवणार. चाळ म्हणजे तिजोरी नाही. रोज थोडा कांदा तिथे मरतोच. किती मरू द्यायचा तेवढं आपल्या हातात असतं, आणि तेही पडदा जूनमध्ये बांधला तर."

हा परिच्छेद द्राक्षाला लावून पाहा. लागत नाही.

याच्यानंतर मसुद्यातली ३० वाक्यं आपोआप निकामी झाली. अनुदानाबद्दलचा आख्खा परिच्छेदही गेला, कारण बापूने चाळ स्वतःच्या पैशाने बांधली होती आणि अनुदानाबद्दल त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, "पण लेख पूर्ण वाटायला नको का?" पूर्ण वाटण्यासाठी घातलेला मजकूरच एआयच्या मसुद्याला फुगवतो. लेख ९०० शब्दांवरून ६५० वर आला. मला ते चाललं.

कुठपर्यंत उघडं करायचं

तपशील म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडणं नव्हे. जुलैत विकण्यामागे वासाइतकंच आणखी एक कारण होतं, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. बापूने ते बोलण्याच्या ओघात सांगितलं आणि पहिल्यांदा लेखात लिहिलंही. मी त्याला म्हटलं, आधी तिला विचार. तिने नको म्हटलं. मग आम्ही ते वाक्य काढलं. 'घरात पैसा लागत होता' असं मोघम वाक्य घालायचा मोह झाला होता, पण तेही घातलं नाही. जो तपशील देता येत नाही त्याच्या जागी त्याची सावली ठेवली की वाचक तिथेच अडखळतो. शेजाऱ्याचं नावही असंच काढलं. त्याने पडदा वेळेत बांधला हे कौतुकाचं असलं तरी त्याचा भाव किती आला हे सांगायचा हक्क त्याचा.

दुखणं पुन्हा उलटतं ते इथे

सगळं झाल्यावर बापूने लेख शेवटचा एकदा एआयला दिला, 'फक्त शुद्धलेखन तपास' म्हणून. परत आलेला लेख वरवर तोच होता. मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. 'झड लागली'चं 'जोरदार पाऊस झाला' झालं होतं. 'गोल्टी'चं 'लहान आकाराचा कांदा'. '१,१८० ने विकला'चं 'कमी दरात विकावा लागला'. आणि 'रोज थोडा कांदा तिथे मरतोच' हे वाक्य 'साठवणुकीत काही प्रमाणात नुकसान अपरिहार्य असते' असं इस्त्री होऊन आलं होतं.

शुद्धलेखनाच्या नावाखाली बदललेले शब्द नेमके आपलेच असतात, कारण तेच सगळ्यात कमी अपेक्षित असतात. 'झड' हा शब्द पावसाबद्दल लिहिलेल्या बहुतेक मजकुरात येत नाही. पण वाऱ्याने आडवा आलेला पाऊस आणि सरळ पडणारा पाऊस यातला फरक हाच तर त्या परिच्छेदाचा कणा. सरळ पावसाचं पाणी छपराखालच्या कांद्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला, संपूर्ण लेख कधीच परत द्यायचा नाही. एकेक परिच्छेद द्यायचा आणि 'मजकूर पुन्हा लिहू नकोस, फक्त चुकलेल्या शब्दांची यादी दे' असं सांगायचं. यादीतले बदल आपण हाताने करायचे. यादीतही 'गोल्टी' चूक म्हणून येईल, ती सोडून द्यायची. दुसरा, आधीची आणि नंतरची प्रत यंत्राकडूनच ताडून घ्यायची. Google Docs मध्ये Tools > Compare documents आहे, Word मध्ये Review > Compare. बदललेला प्रत्येक शब्द रंगीत दिसतो. शुद्धलेखनाच्या तपासणीनंतर अर्ध्या पानापेक्षा जास्त रंगीत दिसलं तर काय झालं ते कळतं. त्या प्रतीवर काम करू नका, जुनी उघडा.

एआयचा या टप्प्यावर उपयोग नाहीच असं मी म्हणत नाही. उलटा वापर चांगला होतो. परिच्छेद देऊन 'हे वाचून शेतकरी वाचकाला कोणते प्रश्न पडतील? फक्त प्रश्न दे, उत्तरं लिहू नकोस' असं विचारायचं. दहातले सात प्रश्न बाळबोध येतात. बाकी तिघांतला एखादा मात्र लेखकाला खरंच पुन्हा आठवायला लावतो. बापूला 'कांदा गरम लागला म्हणजे किती?' हा प्रश्न असाच आला. त्याने उत्तर दिलं, "उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखा." ते लेखात गेलं.

आठवतच नसेल तर

एक निवृत्त कारकून 'वाचनसंस्कृती'वर लेख देतात, दरवर्षी. यंदा तोही एआयकडून आला होता. मी तेच सगळे प्रश्न विचारले आणि वीस मिनिटांत एकही प्रसंग निघाला नाही. पुस्तकांबद्दल त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं. अशा वेळी तपशील शोधत बसण्यात अर्थ नसतो, कारण अडचण मसुद्यात नसून विषयात असते. गप्पांमध्ये ते मध्येच म्हणाले की नोकरीत ३१ वर्षं त्यांनी आवक-जावक रजिस्टर सांभाळलं आणि टपालावरच्या अक्षरावरून कोणत्या गावचं पत्र आहे ते त्यांना ओळखता यायचं. आता ते त्याच्यावर लिहीत आहेत, हाताने.

बापूचा लेख अंकात आला. आठवड्याने येवल्याहून एका अनोळखी शेतकऱ्याचा त्याला फोन आला. पडदा बांधला तर आत वारा कोंडून कांदा आणखी तापणार नाही का, असा त्याचा प्रश्न होता. बापूने त्याला सांगितलं की पडदा खालून फूटभर मोकळा सोडायचा, आणि पाऊस उघडला की त्याच दिवशी गुंडाळायचा. मला फोन करून म्हणाला, "ताई, हे लिहायचंच राहिलं की." पुढच्या अंकात चौकट टाकतो आहोत.